घरात टीबीचा रुग्ण आणि लहान मुलं ठणठणीत: आयसोनियाझिड किती, किती दिवस

*सासऱ्यांच्या थुंकीत टीबीचे जंतू निघाले, त्यांचे उपचार सुरू झालेत. घरात माझी दोन मुलं आहेत. मुलगी दोन वर्षांची, ९.४ किलो. मुलगा पाच महिन्यांचा, ६.४ किलो, अजून अंगावर पितो. दोघंही ठणठणीत आहेत, दोघांना बीसीजी दिलेली आहे. तरी डॉक्टरांनी दोघांना सहा महिने आयसोनियाझिड द्यायला सांगितलं. आजार नसताना एवढे दिवस औषध कशाला? आमच्याकडे १०० मिलीग्रॅमच्या गोळ्या आहेत, त्यातून दोघांचा डोस कसा काढायचा? बाळाचं वजन तर दर महिन्याला वाढतंय. आणि मध्ये काही दिवस चुकले तर पुन्हा पहिल्यापासून का?*

गोळीच्या हिशोबाकडे येतोच, पण त्याआधी मला वेगळं विचारायचं आहे. मुलं ठणठणीत आहेत हे कोणी ठरवलं, तुम्ही की डॉक्टरांनी तपासून? हे आधी विचारतो, कारण आयसोनियाझिड एकटं देणं हे फक्त आजार नसलेल्या मुलासाठी बरोबर आहे. आजार लपलेला असेल तर हेच औषध नुकसान करतं.

कसं ते सांगतो. टीबीचे जंतू वाढत असताना साधारण दर दहा लाखांमागे एखादा जंतू आपोआप असा निपजतो की त्याच्यावर आयसोनियाझिड चालत नाही. मुलाच्या शरीरात नुसता संसर्ग असेल, म्हणजे जंतू शिरलेत पण दबून आहेत, तर त्यांची संख्या इतकी थोडी असते की असा एखादा हट्टी जंतू त्यात असण्याची शक्यता नगण्य. तिथे एकच औषध पुरतं. आजार सुरू झालेला असेल तर जंतूंची संख्या कैक पटींनी वाढलेली असते. मग आयसोनियाझिड साधे जंतू मारतं, हट्टी तेवढे मागे ठेवतं आणि काही आठवड्यांनी आजार पुन्हा डोकं वर काढतो तो औषधाला न जुमानणारा. म्हणून आजार असेल तर तीन-चार औषधं एकत्र, आणि नसेल तरच एक.

आता तपासणी. पाच वर्षांखालच्या मुलात त्यासाठी फार यंत्रसामग्री लागत नाही. चार गोष्टी विचारायच्या: खोकला आहे का, ताप आहे का, वजन वाढायचं थांबलंय किंवा घटलंय का, आणि मूल मलूल झालंय का, खेळणं कमी झालंय का. चारही ‘नाही’ असतील आणि अंग तपासून काही सापडलं नाही, तर औषध सुरू करता येतं. हातावर टोचून करायची त्वचेची चाचणी किंवा रक्ताची चाचणी या वयात सक्तीची नाही. त्या चाचण्यांसाठी औषध अडवून ठेवणं ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. छातीचा एक्स-रे सोयीने होत असेल तर जरूर काढा, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तर मी तो आग्रहाने काढून घेईन. पाच महिन्यांचं बाळ खोकल्याबद्दल काही सांगत नाही. त्याच्या छातीतल्या गाठी सुजलेल्या असतात तेव्हाही ते कधी कधी हसत-खेळत दूध पीत असतं.

चार प्रश्नांपैकी सगळ्यात बोलका तिसरा. तुमच्याकडे दोघांच्या वजनाची नोंदवही असेल तर ती काढा आणि मागच्या तीन नोंदी पाहा. ताप-खोकला आईबापांना विसरायला होतो, कागदावरचं वजन मात्र खरं बोलतं. सहा महिन्यांखालच्या बाळाची रेघ दोन महिने आडवी पडली असेल तर मी आयसोनियाझिड सुरू करत नाही, आधी शोध घेतो. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, म्हणून पोटातला द्रव किंवा शौचाचा नमुना जलद जनुकीय चाचणीला पाठवतात. शौचाचा नमुना आता जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतही आहे आणि बाळाला त्यासाठी काहीच सोसावं लागत नाही. आठ-दहा दिवस उशीर झाला तरी चालेल, पण शंका मनात ठेवून एकच औषध सुरू करू नये.

समजा दोघंही या तपासणीतून नीट बाहेर पडली. तर मग औषध कशाला, हा तुमचा पहिला प्रश्न.

मोठ्या माणसाला संसर्ग झाला तर दहातल्या नऊ जणांना आयुष्यभर काही होत नाही. आपण सगळे हेच गणित मनात धरून असतो आणि तेच लहान मुलांना लावतो. ते लागू पडत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला आणि काहीच औषध दिलं नाही, तर शंभरातल्या तीस ते चाळीस बाळांना फुप्फुसाचा टीबी होतो आणि दहा ते वीस बाळांना मेंदूच्या आवरणाचा किंवा सर्व शरीरभर पसरलेला. हे आकडे औषध यायच्या आधीच्या काळातल्या मुलांच्या नोंदींवरून काढलेले आहेत, कारण आज कोणी मुलांना मुद्दाम तसं सोडणार नाही. एक ते दोन वर्षांत धोका निम्म्याच्या आसपास उतरतो, दोन वर्षांनंतर बराच कमी होतो. शिवाय हा आजार बहुतेक वेळा संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षात येतो. म्हणजे तुमच्या घरात आजोबांचं निदान झालं तो दिवस आणि पुढचे बारा महिने हा मुलांचा सगळ्यात नाजूक काळ आहे.

बीसीजीबद्दल: ती दिलेली आहे हे उत्तमच. ती मेंदूच्या आवरणाचा टीबी आणि पसरलेला टीबी यांपासून बऱ्यापैकी वाचवते, पण संसर्ग अडवत नाही आणि फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही. म्हणून बीसीजी झालेल्या मुलालाही औषध लागतंच.

आणखी एक कागद हवा, तो आजोबांचा. त्यांच्या थुंकीच्या जनुकीय चाचणीत रिफाम्पिसिनला प्रतिकार आहे की नाही हे लिहिलेलं असतं, आयसोनियाझिडचा अहवाल पुष्कळदा वेगळा आणि उशिरा येतो. मुलांकडे जंतू आलेच असतील तर ते आजोबांचेच. ते जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसतील तर सहा महिने मुलांना ते पाजून हाती काहीच लागणार नाही. फक्त आयसोनियाझिडला प्रतिकार असेल तर चार महिने रिफाम्पिसिन देतात. रिफाम्पिसिनलाही प्रतिकार असेल तर २०२४ पासून सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिनची शिफारस आहे, आणि ते तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. खालचं सगळं आजोबांचे जंतू साध्या औषधांना दाद देतात असं धरून लिहितो आहे. अहवाल यायचा असेल तर थांबू नका, सुरू करा, पण अहवाल आला की डॉक्टरांना दाखवायला विसरू नका.

आता डोस. मूळ आकडा लक्षात ठेवा: दिवसातून एकदा, वजनाच्या दर किलोला १० मिलीग्रॅम. सात ते पंधरा या पट्ट्यात असेल तोवर डोस योग्य, आणि वजन कितीही असलं तरी दिवसाला ३०० मिलीग्रॅमच्या वर नाही. मोठ्यांना किलोला पाच मिलीग्रॅम पुरतं, लहानांना दुप्पट लागतं, कारण लहान मुलाचं शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं. जुन्या पुस्तकात मुलांनाही पाच लिहिलेलं सापडेल. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो आकडा वाढवला. एखाद्या जुन्या कागदावर पाचचा हिशोब दिसला तर तो त्या काळातला.

मुलीचं सोपं आहे. ९.४ किलो म्हणजे ९४ मिलीग्रॅम. १०० मिलीग्रॅमची एक गोळी दिली की किलोमागे १०.६. सहा महिन्यांनी ती पावणेअकरा किलोच्या आसपास जाईल, तेव्हाही एका गोळीने किलोमागे ९.३ मिळतील. म्हणजे तिच्या संपूर्ण कोर्सला रोज एक गोळी, बदल नाही. वजन तरी दर महिन्याला करायचं, पण ते दुसऱ्या कारणासाठी, पुढे सांगतो.

बाळाचं जरा बारीक बघावं लागतं. ६.४ किलोला हवेत ६४ मिलीग्रॅम. अर्धी गोळी दिली तर ५० मिलीग्रॅम, म्हणजे किलोमागे ७.८. पट्ट्यात आहे, पण तळाशी. पूर्ण गोळी दिली तर १५.६, पट्ट्याच्या वर. बहुतेक दवाखान्यांतले तक्ते या वजनाला अर्धीच लिहितात आणि ते चूक नाही. पण बाळ एवढं लहान असताना तळाला राहायला मला आवडत नाही, म्हणून मी मिलीने द्यायला सांगतो. पद्धत अशी. गोळी पाण्यात विरघळणारी आहे हे पाकिटावर पाहून घ्या. स्वच्छ छोट्या कपात मोजून १० मिली उकळून गार केलेलं पाणी घ्या, त्यात एक गोळी टाका, विरघळेपर्यंत हलवा. आता १० मिलीत १०० मिलीग्रॅम औषध आहे, म्हणजे एका मिलीत १०. बाळाचं वजन किलोत जितकं, तितके मिली. हलवून लगेच सुईविरहित सिरिंजमध्ये साडेसहा मिली भरा आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडत पाजा. उरलेलं टाकून द्या. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, पाण्यात ते किती टिकेल याचा भरवसा नसतो. तळाशी दिसणारा पांढरा गाळ बहुधा गोळीतल्या इतर भुकटीचा असतो, आयसोनियाझिड पाण्यात छान विरघळतं, पण हलवून भरायची सवय ठेवा.

या पद्धतीत वाढत्या वजनाचा प्रश्नही सुटतो. पुढच्या वजनाला बाळ ७.१ किलो भरलं की ७ मिली, ८.२ झालं की ८ मिली, आणि साडेनऊच्या पुढे गेलं की सरळ एक गोळी. तुम्ही मात्र अर्ध्या गोळीनेच देणार असाल तर एक आकडा ध्यानात असू द्या: सात किलो. त्याच्या वर अर्धी गोळी किलोमागे सातच्या खाली जाते, म्हणजे डोस कमी पडायला लागतो. सात किलो ओलांडलं की पूर्ण गोळी चालते, ७.२ किलोला ती किलोमागे १३.९ पडते. काही तक्ते हा बदल आठ किलोला करतात. तुमच्या डॉक्टरांचा तक्ता आठचा असेल तर त्यांना विचारून मिलीवर या, स्वतः बदलू नका. पाच महिन्यांचं बाळ सहा महिन्यांत दीड-दोन किलो वाढतं, म्हणजे तुमच्या बाळाचा डोस या कोर्समध्ये नक्की बदलणार आहे. पहिल्या दिवशी लिहिलेला डोस शेवटपर्यंत तसाच चालू ठेवला गेला आणि कोणी वजनकाट्याकडे पाहिलंच नाही, हे मी स्वतःच्या बाह्यरुग्ण विभागात इतक्या वेळा पाहिलं आहे की आता कागदावर डोसशेजारी ‘७ किलोला बदल’ असं ठळक लिहून ठेवतो.

थोड्या मोठ्या मुलांसाठी, कारण पुतण्या-भाच्या असतीलच: बारा किलोपर्यंत एक गोळी, बारा ते सोळा दीड, सोळा ते पंचवीस दोन, आणि पंचवीसच्या पुढे मोठ्यांची ३०० ची. तक्त्या-तक्त्यांत सीमा थोड्या सरकतात, पण किलोमागे सात ते पंधराचा पट्टा सगळीकडे तोच.

आता ३०० च्या गोळीचं नाव निघालं म्हणून एक प्रसंग सांगतोच. एका दवाखान्यात १०० च्या गोळ्या संपल्या आणि मोठ्यांच्या ३०० च्या देऊन सांगितलं, ‘एकच द्यायची, आधीसारखी.’ आठ-नऊ किलोच्या मुलीला तीन दिवस तिप्पट डोस गेला. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या झाल्या आणि तिच्या आजीने पाकिटावरचा आकडा वाचला म्हणून पुढचं टळलं. आयसोनियाझिडचा मोठा जादा डोस मुलांना झटके आणू शकतो, आणि ते झटके नेहमीच्या औषधाने आटोक्यात येत नाहीत, त्यावर ब जीवनसत्त्वातलं पायरिडॉक्सिन मोठ्या डोसमध्ये शिरेतून द्यावं लागतं. म्हणून पाकीट बदललं की आधी त्यावरचा आकडा वाचायचा. आणि गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवायच्या. आजोबांच्याही. विरघळणाऱ्या गोळ्या गोडसर असतात, दोन वर्षांची मुलगी त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या खाईल.

वेळ शक्यतो रोज एकच, पोट रिकामं असताना, म्हणजे खाण्याच्या एक तास आधी किंवा दोन तासांनंतर. तान्ह्या बाळाचं पोट रिकामं कधी असतं हा प्रश्न मलाही पडतो. दूध पिण्याच्या थोडं आधी दिलंत तरी पुष्कळ झालं. मळमळतंय असं वाटलं तर खाण्याबरोबर द्या. थोडं कमी शोषलं गेलं तरी रोज गेलेलं बरं. अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं तर तोच डोस पुन्हा द्या, त्यानंतर उलटी झाली तर नको. पातळ औषधाच्या बाटलीत सॉर्बिटॉल असतो आणि त्याने बऱ्याच बाळांना जुलाब लागतात, म्हणून मी बाटलीपेक्षा गोळीच पसंत करतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बाळाला पायरिडॉक्सिन हवं. आयसोनियाझिड हे जीवनसत्त्व वापरून संपवतं आणि ते कमी पडलं की हातापायांच्या नसांना त्रास होतो. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना, कुपोषित मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना रोज ५ ते १० मिलीग्रॅम देतात. नीट खाणाऱ्या, वजनाने बऱ्या मुलीला गरज नाही. गोळी मिळते ती बहुधा मोठ्यांची असते, ती किती तोडायची ते औषधवाल्याऐवजी डॉक्टरांना विचारा. आणि हो, अंगावर पाजणं चालू ठेवा. तुम्ही स्वतः आयसोनियाझिड घेत असलात तरी दुधातून बाळाला जातं ते फारच थोडं, त्यावर त्याचा बचाव होत नाही, त्यामुळे त्याचा डोस त्याला वेगळाच द्यावा लागतो.

दुष्परिणामांत सगळ्यांना भीती यकृताची असते. मोठ्यांत ती खरी आहे, लहान मुलांत फार क्वचित. म्हणून बऱ्या मुलाच्या रक्ताच्या यकृत-तपासण्या नेमाने करत नाहीत, आधीपासून यकृताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तपासणीऐवजी नजर ठेवायची. सलग उलट्या, पोट दुखून खाणं सोडणं, डोळे पिवळे, लघवी गडद चहासारखी, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवसाची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी दाखवायचं. ‘उद्या पाहू’ म्हणून गोळी चालू ठेवणं हाच इथला धोका. साधी सर्दी, एखादं दात येणं, एखादा सैल दिवस यासाठी औषध थांबवायचं नाही. मूल फिट्सचं औषध घेत असेल तर ते आधी सांगा, कारण आयसोनियाझिडमुळे फेनिटोइन आणि कार्बामाझेपिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि मूल झिंगल्यासारखं होतं.

सहा महिने कशाला, याच्यामागे एक जुना प्रयोग आहे आणि तो मला नेहमी सांगावासा वाटतो. आयसोनियाझिड १९५२ मध्ये टीबीवर वापरात आलं. पुढे पूर्व युरोपातल्या देशांत आंतरराष्ट्रीय टीबी संघटनेने सुमारे अठ्ठावीस हजार मोठ्या माणसांवर एक मोठी तुलना केली, जिचा निकाल १९८२ मध्ये छापला गेला. फुप्फुसावर जुने व्रण असलेल्या या माणसांना कोणाला तीन महिने, कोणाला सहा, कोणाला बारा महिने औषध दिलं. पाच वर्षांत आजाराचं प्रमाण तीन महिन्यांनी २१ टक्क्यांनी कमी झालं, सहा महिन्यांनी ६५ टक्क्यांनी, बारा महिन्यांनी ७५ टक्क्यांनी. म्हणजे तीन महिन्यांनी थांबलात तर फायदा फार थोडा, सहापर्यंत गेलात की मोठी उडी, आणि त्यानंतर सहा महिने आणखी दिले तर जे मिळतं ते तुलनेने थोडं, तेही आणखी गोळ्या आणि आणखी दुष्परिणाम सोसून. दबलेले जंतू फार हळू वाढतात आणि आयसोनियाझिड वाढणाऱ्या जंतूंवरच जोर चालवतं, म्हणून इतका वेळ. हे आकडे मोठ्यांचे आहेत, मुलांचे नाहीत, पण सहा महिन्यांचा नियम असा एका ठिकाणाहून आलेला आहे, कोणी कॅलेंडर पाहून ठरवलेला नाही. तुमच्याकडच्या तिसऱ्या महिन्याच्या पायरीवर ‘मुलं तर मस्त आहेत, बंद करू’ असा विचार येईल, तेव्हा तो २१ चा आकडा आठवा.

सहा महिने हे तारखांनी न मोजता डोसने मोजतात. पूर्ण कोर्स १८२ डोसचा. त्यातले किमान १४६, म्हणजे ऐंशी टक्के, २३९ दिवसांच्या आत पोटात गेले तर कोर्स पूर्ण झाला असं धरतात. त्यामुळे काही दिवस चुकल्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून होत नाही. एक दिवस विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर द्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचाच डोस द्या, दुप्पट मुळीच नाही. दोन आठवड्यांपेक्षा कमी खंड पडला तर लगेच पुढे चालू करा आणि चुकलेले दिवस शेवटी वाढवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त गेले तर आधी मूल पुन्हा तपासून घ्या, कारण मधल्या काळात आजार सुरू झालेला असू शकतो. मग हिशोब मांडा.

तुमच्या मुलीचंच घेऊ. समजा चौथ्या महिन्याच्या शेवटी, १२० डोस झाल्यावर, कुठे गावाला गेलात आणि तीन आठवडे गोळ्या मागेच राहिल्या. परत आल्यावर पहिल्या दिवसापासून १४१ दिवस झालेत. ती बरी आहे, वजन वाढलंय. उरलेले ६२ डोस रोज दिले तर २०३ व्या दिवशी १८२ पूर्ण होतात, २३९ च्या कितीतरी आत. तर तिथूनच पुढे. हाच खंड चार महिन्यांचा असता तर १२० डोसवर २४० दिवस उलटून गेले असते, १४६ ची रेघही गाठलेली नाही, मग मात्र नव्याने सुरू करायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. यासाठी भिंतीवर साधा कागद लावा, रोज गोळी गेली की एक खूण. ‘बहुतेक दिलीये’ या शब्दावर हा हिशोब चालत नाही.

सहा महिने जड वाटत असतील तर एक पर्याय डॉक्टरांकडे काढून पाहा: आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन एकत्र, रोज, तीन महिने. त्याच्या मुलांसाठीच्या विरघळणाऱ्या एकत्रित गोळ्या आहेत आणि मुलं हा कोर्स पूर्ण करण्याची शक्यता जास्त. पण मूल एचआयव्हीची काही ठराविक औषधं घेत असेल तर रिफाम्पिसिन त्यांचा जोर घटवतं, तिथे मग साधं आयसोनियाझिडच बरं. तुमच्या मुलांत तशी अडचण दिसत नाही. गोळ्या हातात आल्यात आणि सुरूही झाल्यात तर मी बदलणार नाही.

महिन्यातून एकदा दोघांना न्यायचं. तिथे मी तीन गोष्टी बघतो: वजन, ते चार प्रश्न, आणि भिंतीवरचा खुणांचा कागद. मुलीचा डोस बदलणार नसतानाही तिचं वजन करायचं म्हणालो ते याचसाठी. औषध सुरू असताना तिचं वजन महिनाभर अडलं, ताप दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला किंवा खोकला हटेना, तर त्याला ‘गोळीचा त्रास’ म्हणून सोडून देऊ नका, तसंच गोळी चालू आहे म्हणून टीबी होणारच नाही असंही धरू नका. तशा वेळी आयसोनियाझिड थांबवून पूर्ण तपासणी करतात आणि आजार निघाला तर पूर्ण उपचार सुरू करतात. पहिल्या दोन महिन्यांत हे जास्त सापडतं, कारण काही मुलांत आजार आधीपासूनच हळूच सुरू झालेला असतो आणि पहिल्या तपासणीत दिसलेला नसतो.

कोर्स संपल्यावर संसर्ग गेला हे दाखवणारी कोणतीही चाचणी नाही. त्वचेची चाचणी पुढेही होकारार्थी येऊ शकते, त्यावरून काही ठरवू नका. पुढची दोन वर्षं मुलांच्या वजनाच्या नोंदी ठेवा. आणि समजा वर्षा-दोन वर्षांनी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या थुंकीत जंतू निघाले, तर हा कोर्स झालेला असूनही मुलांना पुन्हा तपासून पुन्हा औषध द्यावं लागेल, कारण आताचं औषध आताचेच जंतू मारतं, पुढच्या संसर्गासाठी शरीरात काही शिल्लक ठेवत नाही.